'इन्शाअल्लाह' ऐकलं की लगेच 'हो' लिहू नका

मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात मी अरबी दुभाषी म्हणून काम करते. ओमान आणि येमेनहून उपचारासाठी माणसं येतात. त्यांचं बोलणं डॉक्टरांना इंग्रजीत आणि सिस्टरना मराठीत सांगायचं, हे माझं काम. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी दोन शब्दांबद्दल सांगते.

शब्दशः 'इन्शाअल्लाह' म्हणजे 'अल्लाहने इच्छिलं तर'. पुढची गोष्ट बोलताना हे म्हणावं, असं कुराणात सूरह अल्-कह्फमध्ये (आयत २३-२४) आहे. त्यामुळे पक्का निश्चय असलेला माणूसही ते म्हणतो, आणि तोंडावर नाही म्हणणं जड जाणाराही तेच म्हणतो.

माझी चूक इथेच झाली. एका ओमानी आजोबांची सकाळी शस्त्रक्रिया होती. "रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही," असं मी सांगितलं. ते हळूच, खाली बघत "इन्शाअल्लाह" म्हणाले. मी सिस्टरना सांगितलं, "हो म्हणाले." पहाटे त्यांनी दुधाचा चहा घेतला आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. नंतर कळलं, पहाटेच्या चहाशिवाय आपलं डोकं दुखतं, हे त्यांना सांगायचं होतं. संकोचाने राहून गेलं.

आता मी लगेच भाषांतर करत नाही. डॉक्टरांना सांगून उलट विचारते, "मग रात्री शेवटचं कधी जेवाल? उठल्यावर काय घ्याल?" उत्तरात तपशील आला, "दहाला जेवेन, मग काही नाही, इन्शाअल्लाह," तर इंग्रजीत सरळ 'येस' आणि मराठीत 'हो, नक्की'. नुसताच लांबवलेला "इन्शाअल्लाह" आला, तर मराठीत 'बघू' जवळचं. पण वैद्यकीय सूचनेसाठी मी तेही ठरवत नाही. "त्यांनी स्पष्ट होकार दिलेला नाही," असंच सांगते. नातेवाईक "इन्शाअल्लाह खैर" म्हणतात तेव्हा मात्र तो धीर असतो. आपलं 'सगळं नीट होईल, देव आहे' हे तिथे चपखल बसतं; इंग्रजीतलं 'होपफुली' फिकं पडतं.

'माशाअल्लाह' घडलेल्या किंवा समोर असलेल्या चांगल्या गोष्टीसाठी. एका सिस्टरने येमेनी बाळाला बघून मराठीत म्हटलं, "किती गुटगुटीत आहे!" मी तेवढंच अरबीत सांगितलं. आईने बाळाला पदराआड घेतलं. कौतुकाबरोबर 'माशाअल्लाह' नसेल तर नजर लागेल, ही तिची भीती. बाळाच्या गालाला तीट लावणाऱ्या आपल्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेव्हापासून सिस्टरचं कौतुक अरबीत नेताना मी 'माशाअल्लाह' जोडते. उलट दिशेने, "मुलं किती?" याला "नऊ, माशाअल्लाह" असं उत्तर आलं, तर डॉक्टरांच्या इंग्रजी नोंदीसाठी फक्त 'नाइन' पुरतं. सिस्टरना मात्र मी "नऊ आहेत, देवाच्या कृपेने" असं सांगते.