तापमान बदलले तरी परासरण दाबाच्या गणितात मोलॅरिटीच का वापरायची?

मोलॅरिटी तापमानानुसार बदलते आणि मोलॅलिटी बदलत नाही, हे वाक्य अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. त्यामुळे द्रावणाचे तापमान वाढवल्याचा उल्लेख असलेल्या गणितात उत्तरपत्रिकेने सरळ मोलॅरिटी वापरलेली दिसली की शंका येते: इथे तर मोलॅलिटी हवी होती ना? शंका रास्त आहे. तिचे उत्तर पुढील गणित सोडवतानाच मिळते.

१७° सेल्सियसला एका विद्युत-अनपघटनी पदार्थाच्या द्रावणाचा परासरण दाब १.४५ वातावरण आहे. पाणी घालून ते विरल केले आणि तापमान ३७° सेल्सियसवर नेले, तेव्हा दाब ०.३१ वातावरण भरला. द्रावण किती पट विरल केले?

पहिली पायरी म्हणजे कोणता गुणधर्म विचारला आहे ते पाहणे. गोठणबिंदूतील घट आणि उत्कलनबिंदूतील वाढ यांत तापमानातला फरक हीच मोजायची राशी असते. त्यांची सूत्रे ΔT = Km या घाटाची आहेत, आणि त्यांतला स्थिरांक K द्रावकाच्या एक किलोग्रॅमला धरून काढलेला असल्यामुळे तिथे मोलॅलिटीच बसते. परासरण दाब या दोघांपेक्षा वेगळा आहे, कारण तिथे दाब मोजला जातो आणि तापमान ही आपण ठरवलेली परिस्थिती असते.

दुसऱ्या पायरीला सूत्र लिहून त्यात आकारमान कुठून आले ते शोधावे. सूत्र πV = nRT असे आहे. अर्धपार्य पटलातून द्रावणात शिरू पाहणारे पाणी थोपवण्यासाठी जो जादा दाब द्यावा लागतो तो π. दाबाने होणारे कार्य म्हणजे दाब गुणिले आकारमान, म्हणून V इथे अपरिहार्यपणे येतो. वस्तुमानाला त्या जागी शिरकाव नाही. n भागिले V म्हणजेच मोलॅरिटी C, आणि सूत्र होते π = CRT. व्हांट हॉफ यांनी १८८० च्या दशकात हा संबंध मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेली साखरेच्या द्रावणांची मोजमापे होती. ठरावीक द्रावणाचा दाब निरपेक्ष तापमानाबरोबर साधारण त्याच प्रमाणात चढतो, हे त्या आकड्यांतून दिसत होते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक C ला त्याच्या तापमानाची चिठ्ठी लावावी. C₁ म्हणजे १७° सेल्सियसला असलेली मोलॅरिटी आणि C₂ म्हणजे ३७° सेल्सियसला असलेली मोलॅरिटी. मूळ शंकेची गाठ इथे सुटते. मोलॅरिटी तापमानाने बदलते ही अडचण केव्हा होते? एका तापमानाला मोजलेली मोलॅरिटी दुसऱ्या तापमानाच्या समीकरणात तशीच उचलून घातली तर. आपण तसे काही करत नाही. प्रत्येक तापमानाची मोलॅरिटी आपण त्याच तापमानाच्या दाबावरून काढतो, त्यामुळे पाण्याचे प्रसरण झाले असेल तर ते C₂ मध्ये आपोआप मोजले गेलेले असते.

आता आकडे. तापमाने केल्विनमध्ये २९० आणि ३१० होतात.

C₁ = १.४५ ÷ (०.०८२१ × २९०) = ०.०६०९ मोल प्रति लिटर

C₂ = ०.३१ ÷ (०.०८२१ × ३१०) = ०.०१२२ मोल प्रति लिटर

यांचे गुणोत्तर ५ येते. द्राव्याचे मोल तेवढेच राहिलेले असल्यामुळे १०० मिलिलिटर द्रावणाचे आता ५०० मिलिलिटर झाले आहे. R दोन्हीकडे सारखा असल्याने तो लिहिला नाही तरी चालतो; १.४५ ÷ २९० आणि ०.३१ ÷ ३१० यांची तुलना पुरते. ज्याने तापमान विसरून नुसते दाब भागले, त्याचे उत्तर ४.६८ येईल, आणि ज्याने सेल्सियसचे आकडे तसेच घातले त्याचे १० च्या वर जाईल. निरपेक्ष तापमान जेमतेम सात टक्क्यांनी वाढले असताना दाबांच्या गुणोत्तरापासून उत्तर दुपटीहून अधिक दूर जाऊ शकत नाही, एवढ्यावरून दुसरी चूक पकडता येते.

चौथी पायरी पडताळणीची आहे आणि हौस असेल त्याने ती जरूर करावी: हेच गणित मोलॅलिटीने करून पाहावे. मोलॅलिटी किलोग्रॅमवर असते आणि सूत्राला लिटर हवे असते, म्हणून मध्ये पाण्याची घनता घ्यावीच लागते. द्रावण विरल असताना C म्हणजे जवळजवळ मोलॅलिटी गुणिले घनता. पाण्याची घनता १७° सेल्सियसला ०.९९८८ आणि ३७° सेल्सियसला ०.९९३३ किलोग्रॅम प्रति लिटर असते. म्हणजे ज्या तापमानावलंबनापासून पळण्यासाठी मोलॅलिटी आणली, तेच घनतेच्या रूपाने मागच्या दाराने परत आले. त्या हिशेबाने मोलॅलिटींचे गुणोत्तर ४.९७ येते.

मग खरे उत्तर ५ की ४.९७? दोन्ही, पण दोन वेगळ्या प्रश्नांची. १७° सेल्सियसच्या १०० मिलिलिटर द्रावणाचे ३७° सेल्सियसला ५०० मिलिलिटर झाले, हे आकारमानाचे उत्तर. पाण्याचे वस्तुमान मात्र ४.९७ पटच झाले. उरलेली वाढ पाणी तापून फुगल्यामुळे झाली. प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये १७° सेल्सियसलाच पाणी भरून नंतर तो तापवायचा असेल, तर सुमारे ४९७ मिलिलिटरपर्यंत भरावा लागेल. परीक्षेतल्या गणितात ‘किती पट विरल केले’ याचा अर्थ आकारमानाने किती पट असाच घेतात.

गणितात पाणी घातलेले नसेल, एकच द्रावण तापवून नवा दाब विचारला असेल, तेव्हा मात्र C तोच धरणे हे खरोखरच गृहीतक असते. १०° सेल्सियसला लिटरभर द्रावणात ९ ग्रॅम ग्लुकोज असेल तर मोलॅरिटी ०.०५ आणि दाब १.१६ वातावरण येतो. ४०° सेल्सियसला C तसाच ठेवला तर १.२८५, आणि पाण्याच्या प्रसरणासाठी दुरुस्त केला तर १.२७५ येतो. निरपेक्ष तापमानामुळे दाब साडेदहा टक्क्यांनी चढला आणि प्रसरणाची दुरुस्ती पाऊण टक्क्याची निघाली. म्हणून ती सोडून देतात. सोडून देताना ‘आकारमान स्थिर मानून’ असे एका ओळीत लिहावे, असे मला वाटते.

गोठणबिंदूवरून मोलॅलिटी काढायला लावून पुढे २७° सेल्सियसचा परासरण दाब विचारणारी गणितेही असतात. तिथे मोलॅलिटी आणि मोलॅरिटी सारखी मानण्याची सवलत फक्त विरल जलीय द्रावणालाच आहे. साखरेच्या १ मोलल द्रावणाची मोलॅरिटी ०.८२ च्या आसपास असते. २०° सेल्सियसला CRT ने त्याचा दाब २० वातावरणांच्या जवळ येतो, मोलॅलिटी घातली तर २४, आणि प्रत्यक्ष मोजमाप २६ च्या पुढे जाते. म्हणजे इतक्या गाढ द्रावणात मोलॅलिटी सत्याच्या अधिक जवळ जाते. तिचे तापमानावर अवलंबून नसणे हे त्याचे कारण नव्हे. सूत्राच्या मूळ सिद्धीत V हे द्रावणाचे नसून त्यातल्या द्रावकाचे आकारमान असते, आणि साखरेने बरीच जागा व्यापल्यावर या दोन आकारमानांतला फरक दुर्लक्षिता येत नाही.