पिवळा ड्रेस निळा करताना

सणाच्या सेलच्या आदल्या रात्री दुकानदाराकडे मॉडेलचा पिवळ्या ड्रेसमधला एकच फोटो होता. विकायचे होते गडद निळे. त्याने फोटोशॉपमध्ये फोटोतला ड्रेस सिलेक्ट केला, वर नवी लेअर घेऊन निळा रंग भरला आणि ती लेअर खालच्या फोटोत कशी मिसळावी हे ठरवणारा ब्लेंड मोड Color ठेवला. चुण्या जशाच्या तशा राहिल्या, पण रंग आला फिकट आकाशी. हा मोड मूळ उजेड-सावलीला हात लावत नाही, आणि पिवळा मुळातच उजळ. मग खालच्या फोटोत फक्त ड्रेसपुरता, उजेड कमी-जास्त करणारा Curves खाली ओढला, तेव्हा कुठे निळा गडद झाला. हनुवटीखाली कापडाची पिवळी झाक उरली होती (लबाडी इथेच पकडली जाते!), तिथलं सॅच्युरेशन थोडं उतरवलं. शेवटी खरा ड्रेस स्क्रीनशेजारी धरून छटा जुळवली.