टीमचे पासवर्ड चॅटवरून व्हॉल्टमध्ये नेताना या चुका टाळा

पासवर्ड मॅनेजर घेतला, त्याच्या व्हॉल्टमध्ये म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीत फोल्डर तयार झाले, सगळ्यांना आमंत्रणं गेली. तरीही काही दिवसांनी ग्रुपवर "होस्टिंगचा पासवर्ड टाक ना जरा" असा मेसेज येतोच. मग खापर लोकांच्या सवयीवर फुटतं. सवय असतेच, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा मांडणीतच काहीतरी चुकलेलं असतं आणि चॅट हीच सोपी वाट उरते.

जुनाच पासवर्ड व्हॉल्टमध्ये चिकटवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. चॅटमध्ये गेलेला पासवर्ड मेसेज डिलीट करून नाहीसा होत नाही. तो कुणाच्या बॅकअपमध्ये, कुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये, कुणाच्या जुन्या फोनमध्ये राहिलेला असू शकतो. म्हणून व्हॉल्टमध्ये टाकलेला पासवर्ड बदलेपर्यंत ते काम अर्धवट समजा.

बदलताना क्रम महत्त्वाचा आहे. नवा पासवर्ड आधी व्हॉल्टमधल्या नोंदीत तयार करून सेव्ह करा, मग तो साइटवर टाका. उलट केलंत आणि मध्येच टॅब बंद झाला, तर नवा पासवर्ड कुणाकडेच नसतो. साइटने नवा नाकारला तर जुना शोधायला नोंदीचा पासवर्ड-इतिहास असतो. तुमच्या मॅनेजरमध्ये तो आहे ना, हे आधी पाहून घ्या. बदलल्यावर लॉगआउट करून व्हॉल्टमधूनच परत लॉगिन करा, कारण काही साइट लांब पासवर्ड गुपचूप कापतात. शेवटी "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" करा. नाहीतर पासवर्ड बदलूनही जुनी सेशन्स चालूच राहू शकतात.

खरी गंमत पुढे आहे. पासवर्ड फक्त माणसंच वापरत नाहीत. समजा, पाच जणांची टीम एक वर्डप्रेस साइट चालवते: प्रमुख, डेव्हलपर, दोन लेखक आणि हिशेब पाहणारी एक व्यक्ती. त्यांच्याकडे डोमेन, होस्टिंग, डेटाबेस, साइटचं अ‍ॅडमिन खातं आणि ईमेल पाठवणारं एसएमटीपी खातं असे पाच पासवर्ड आहेत. प्रमुखाने एसएमटीपीचा पासवर्ड बदलला, व्हॉल्टमध्ये टाकला आणि सगळ्यांचं लॉगिन सुरळीत झालं. पण साइटवरच्या संपर्क फॉर्मच्या प्लगिनमध्ये जुनाच पासवर्ड बसलेला आहे. मेसेज भरणाऱ्याला "धन्यवाद" दिसतं, मेल मात्र कुठेच पोचत नाही. आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे ओळखायचं कसं? मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये लॉगिन नाकारल्याचा 535 हा कोड दिसतो आणि तो प्रयत्न तुमच्याच वेब सर्व्हरच्या आयपीवरून आलेला असतो. काही सर्व्हर अशा फसलेल्या प्रयत्नांनंतर खातं किंवा आयपी तात्पुरता अडवतात. मग नवा, बरोबर पासवर्डही "चुकीचा" वाटतो आणि टीम तो पुन्हा पुन्हा बदलत बसते. तसं करू नका. आधी जुना पासवर्ड वापरणारी जागा शोधा, ती दुरुस्त करा, मग अडवणूक उठेपर्यंत थांबा.

डेटाबेसचं दुखणं निदान लगेच समजतं, कारण साइटवर Error establishing a database connection असं झळकतं. तिथे होस्टिंगवर पासवर्ड बदलला की लगेच wp-config.php मधली ही ओळही बदलावी लागते:

```
define( 'DB_PASSWORD', '...' );
```

म्हणून प्रत्येक नोंदीच्या टिपेत "हा पासवर्ड आणखी कुठे टाकलेला आहे" हे लिहा आणि मगच बदलाला हात घाला. जमेल तिथे प्रोग्रामसाठी वेगळं खातं किंवा वेगळी की घ्या. मग माणसांचा पासवर्ड बदलला तरी फॉर्म बंद पडत नाही.

विभागाच्या नावाने फोल्डर करणं

"मार्केटिंग", "टेक्निकल" अशी नावं दिसायला छान, पण फोल्डर म्हणजे परवानगीची हद्द असते. ज्या नोंदी नेमक्या त्याच माणसांना लागतात, त्याच एका फोल्डरमध्ये ठेवा. वरच्या टीममध्ये डोमेन फक्त प्रमुख आणि डेव्हलपरकडे जाईल. होस्टिंग, डेटाबेस आणि एसएमटीपीसुद्धा त्याच दोघांना लागतात, तरी डोमेनचा फोल्डर मी वेगळाच ठेवेन: उद्या होस्टिंगसाठी बाहेरचा माणूस घेतलात तर डोमेन त्याच्या हाती जाऊ नये. प्रत्येक फोल्डर सांभाळायला निदान दोन जण हवेत.

लेखकांना अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यायचाच कशाला? वर्डप्रेसमध्ये त्यांना Author किंवा Editor म्हणून स्वतःचं खातं मिळतं. जिथे स्वतंत्र खातं निघतं, तिथे व्हॉल्टमध्ये शेअर करण्याजोगं काही उरतच नाही.

"पासवर्ड लपवून वापरू द्या" अशी परवानगी काही मॅनेजरमध्ये असते. तिच्यावर विसंबू नका. ऑटोफिलने पासवर्ड पानावर भरला, की ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून तो वाचता येतो.

"आमंत्रण स्वीकारलं, पण काहीच दिसत नाही"

चॅटकडे परत नेणारी ही सगळ्यात मोठी पळवाट. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये सदस्य जोडण्याचे तीन टप्पे आहेत: आमंत्रण, स्वीकार आणि अ‍ॅडमिनची पुष्टी. तिसरा टप्पा राहून जातो. सदस्यांच्या यादीत Needs confirmation दिसत असेल तर तिथेच गाडी अडली आहे. हा नुसता सोपस्कार नाही. संस्थेची की त्या सदस्याच्या सार्वजनिक कीने एन्क्रिप्ट होते ती याच टप्प्यावर, त्यामुळे त्याआधी त्याला काहीच उघडता येत नाही.

पुष्टी झालेली असूनही नोंद दिसत नसेल, तर ती बनवणाऱ्याकडे जा. बिटवॉर्डनमध्ये Folder हा ज्याचा त्याचा खासगी कप्पा असतो आणि शेअर होतं ते Collection, म्हणजे वर ज्याला फोल्डर म्हटलं ते इथे Collection. कुणीतरी मेहनतीने "टीम" नावाचं Folder भरलेलं असतं आणि ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. नोंदीची मालकी संस्थेकडे द्या आणि ती योग्य Collection मध्ये टाका. प्रत काढून शेअर करू नका, कारण दोन प्रतींपैकी एक कधीतरी जुनी होते.

ओटीपी एकाच फोनवर ठेवणं

पासवर्ड व्हॉल्टमध्ये आहे, पण सहा अंकी कोड एकाच माणसाच्या फोनवर येतो. म्हणजे चॅट चालूच. कोड ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधून येत असेल तर टूस्टेप लॉगिन नव्याने सुरू करा आणि त्या वेळी दिसणारी गुप्त की व्हॉल्टच्या नोंदीत ठेवा. मग ज्यांना परवानगी आहे त्यांना कोड तिथेच मिळतो. तो साधारण 30 सेकंदांनी बदलतो, त्यामुळे एकाच माणसाचा कोड सतत नाकारला जात असेल तर आधी त्याच्या डिव्हाइसचं घड्याळ तपासा.

यात तोटाही आहे: पासवर्ड आणि दुसरी कडी एकाच जागी येतात. डोमेनसारख्या खात्यासाठी मी हे करणार नाही. तिथे दोघांकडे एकेक हार्डवेअर की नोंदवलेली बरी.

निघून गेलेल्या माणसाचं नुसतं नाव काढणं

प्रवेश बंद झाला तरी त्याने पाहिलेला पासवर्ड त्याला ठाऊकच असतो. नाव काढण्याआधी त्याच्या फोल्डरांची यादी उतरवून घ्या, कारण नंतर ती सहज सापडत नाही. मग त्यातला प्रत्येक पासवर्ड वर सांगितलेल्या क्रमाने बदला.

महिनाभराने चॅटमध्ये "पासवर्ड", "pwd", "लॉगिन", "ओटीपी" असं शोधून पाहा. नव्या तारखेचा प्रत्येक मेसेज उघडा आणि मागणाऱ्याला व्हॉल्टमध्ये ती नोंद दिसते का, हे त्याच्याच स्क्रीनवर तपासा. दिसत नसेल तर परवानगी दुरुस्त करा. दिसत असूनही त्याने मागितला असेल, तर नोंदीत साइटचा पत्ता भरला आहे का ते बघा, कारण पत्ता नसला की ऑटोफिल चालत नाही. आणि चॅटवर नव्याने आलेला तो पासवर्ड त्याच दिवशी बदला.