वर्गातले कागद संदर्भसूचीत घालण्याआधी

लघुप्रबंध बाइंडिंगला टाकायच्या आठ दिवस आधी एक संध्याकाळ मोकळी काढा आणि वर्गातून आलेलं सगळं एका टेबलावर आणून टाका. सरांनी वाटलेली झेरॉक्स, मॅडमनी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या स्लाइड, क्लासरूमवरच्या पीडीएफ, तुमच्या स्वतःच्या वह्या. पुस्तकं आणि लेख आज बाजूलाच राहू देत, त्यांची नोंद कशी करायची ते तुम्हाला बहुतेक येतंच. घोळ होतो तो या छापून न आलेल्या कागदांचा.

पहिल्यांदा ढिगातून असे कागद वेगळे काढा जे मुळात अप्रकाशित नाहीतच. कोल्हापुरात झेरॉक्सवाल्याकडे 'एमए सेम थ्री नोट्स' म्हणून जो गठ्ठा मिळतो, त्यातली निम्मी पानं कुठल्यातरी पुस्तकाचीच असतात. वर कोपऱ्यात पृष्ठांक आहे, खाली तळटिपा आहेत, टाइप मध्येच बदललाय, असं दिसलं की ते पुस्तक शोधायचं आणि सूचीत पुस्तकाचीच नोंद घालायची. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात नाही मिळालं तर करवीर नगर वाचन मंदिरात बघा. ज्या नोट्सवर ना नाव आहे ना तारीख, आणि कुणाच्या ते झेरॉक्सवाल्यालाही सांगता येत नाही, त्या अभ्यासाला वापरा, पण प्रबंधात त्यांचा आधार घेऊ नका. फाइल असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव दिसतं खरं, पण त्यावर विसंबू नका. आमच्याकडच्या एका हँडआउटचा 'लेखक' सायबर कॅफेचा मालक निघाला होता.

आता उरल्या शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या स्लाइड. इथे जरा थांबून एक उदाहरण नीट बघू, कारण दर वर्षी माझ्याकडे हीच चूक येते.

कागलची एक विद्यार्थिनी शाहू महाराजांच्या आरक्षणावर लिहीत होती. तिच्या मसुद्यात वाक्य होतं, '२६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी करवीर संस्थानातल्या ५० टक्के नोकऱ्या मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या', आणि आधार म्हणून वर्गातली स्लाइड. स्लाइडवर तसंच लिहिलं होतं, माझ्याच एका सहकाऱ्याच्या. मूळ आदेश वाचला की फरक कळतो. त्यात आदेश मिळाल्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांतून भरायच्या, असं आहे. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच माणसाची करायची, हेही आहे. म्हणजे कामावर असलेल्या कुणाला काढायचं नव्हतं, पुढची भरती वळवायची होती. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. स्लाइड एका ओळीची असते, तिच्यात हे मावत नाही, आणि वर्गात सरांनी ते तोंडी सांगितलेलंही असतं. पण प्रबंधात गेली ती ओळच. म्हणून हा आदेश सूचीत यायचा तो करवीर दरबाराचं गॅझेट किंवा शाहू पेपर्सचा जो खंड तुम्ही प्रत्यक्ष उघडलात, त्याच्या नावाने. स्लाइड तिथून पूर्ण गेली. प्रत्येक स्लाइडसमोर हाच प्रश्न लिहा: ही गोष्ट सरांची आहे, की सरांनी कुठून तरी आणलेली? सनावळी, आकडे, नकाशे, व्याख्या जवळपास नेहमीच आणलेल्या असतात. त्यांच्या मुळाशी जा.

सरांची स्वतःची मांडणी, त्यांनी केलेली वर्गवारी, त्यांनीच बनवलेला तक्ता जो अजून कुठे छापून आलेला नाही, एवढंच आता हातात राहील. बहुतेकांचे दोन-तीन कागद राहतात. इथे प्रश्न येतो तो वाचणाऱ्याचा. तुमचा प्रबंध बाहेरगावचा परीक्षक वाचणार आहे. त्याला ती स्लाइड उघडता येईल का? अंदाज बांधू नका, करून बघा. लिंक घ्या, आपल्या वर्गात नसलेल्या मित्राच्या फोनवर टाका. क्लासरूमचं लॉगिन मागितलं, किंवा ड्राइव्हवर Request access असं बटण आलं, की ती वस्तू परीक्षकाच्या हाती लागणार नाही, आणि संदर्भ नोंदवायच्या एपीए पद्धतीत ती सूचीत येत नाही. ती फक्त मजकुरात येते, वैयक्तिक संवाद म्हणून: (आद्याक्षरे आडनाव, वैयक्तिक संवाद, ८ फेब्रुवारी २०२४). लिंक सगळ्यांना उघडत असेल, तर सूचीत नोंद करा: आडनाव, आद्याक्षरे. (२०२४, ८ फेब्रुवारी). करवीर संस्थानातील सुधारणा [व्याख्यानाच्या स्लाइड]. मग जिथे ठेवली आहे ती जागा आणि लिंक. चौकटी कंसातलं वर्णन विसरू नका, नाहीतर वाचणाऱ्याला ते पुस्तक वाटतं.

गंमत अशी की हीच लॉगिनवाली स्लाइड त्याच सरांना द्यायच्या ट्युटोरियलमध्ये सूचीत चालते, कारण वाचणाऱ्याला ती उघडता येते. तिथे लॉगिनच्या पानाची लिंक द्यायची. म्हणून ट्युटोरियलची सूची प्रबंधात जशीच्या तशी चिकटवू नका. जुन्या फाइलमधून उचललेल्या अशा नोंदी मला लगेच दिसतात, त्यांच्या शेवटी सेमिस्टरचं नाव राहिलेलं असतं.

स्वतःच्या वहीतल्या नोट्सचं उत्तर छोटं आहे. एपीएत त्या सूचीत कधीच नाहीत, कारण त्या शिक्षकांनी लिहिलेल्या नाहीत, तुम्ही ऐकून लिहिल्या आहेत, आणि ऐकण्यात तुमचीही चूक असू शकते. आधार घ्यायचाच तर वर सांगितल्यासारखा वैयक्तिक संवाद. तुमच्या विभागात एमएलए चालत असेल तर मात्र वर्गातलं व्याख्यान आणि हँडआउट दोन्ही सूचीत येतात, वक्ता, विषय, तारीख, संस्था अशा तपशिलांसह. शिकागोत असल्या गोष्टी बहुधा तळटिपेतच राहतात. तेव्हा मार्गदर्शकांना आजच विचारून घ्या कुठली पद्धत, तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

एक कागद मात्र कुठल्याच पद्धतीत बसवायचा नाही. सरांनी 'हे अजून छापायचंय, बाहेर देऊ नका' म्हणून दाखवलेला तक्ता, किंवा चर्चासत्रात कुणाच्या स्लाइडचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यातली माहिती विचारल्याशिवाय मजकुरातही घ्यायची नाही. ज्यांचं आहे त्यांना दोन ओळी लिहा: कुठलं वाक्य, कुठल्या पानावर, कुठल्या नावाने. वैयक्तिक संवाद म्हणून ज्यांचं नाव घालणार आहात त्यांनाही हेच विचारा, मग ते रोज भेटणारे सर का असेनात. उत्तर येईपर्यंत मसुद्यातली ती ओळ पिवळी करून ठेवा, आणि बाइंडिंगला टाकायच्या दिवसापर्यंत ती पिवळीच राहिली तर ती काढून टाका.