पीएफ १,८०० रुपयांवरच अडकलाय? कंपनीला पत्र असं लिहा

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ नेमका १,८०० रुपये दिसतोय? मग मूळ पगार कितीही असला तरी कंपनी १५,००० रुपयांवरच १२ टक्के भरते आहे. कायद्याने तिला तेवढंच बंधन आहे, म्हणून पत्रात तक्रारीचा सूर नको. पूर्ण मूळ पगारावर भरायचं तर ईपीएफ योजनेच्या परिच्छेद २६(६) प्रमाणे तुम्ही आणि कंपनी दोघांनी मिळून लेखी अर्ज करावा लागतो.

आधी फरक काढा. मूळ पगार ४०,००० धरला तर कंपनीचा वाटा ४,८०० होतो, म्हणजे महिन्याला ३,००० जास्त. पेन्शनकडे जाणारी रक्कम यात वाढत नाही, त्यामुळे हे सगळे पैसे पीएफ खात्यातच पडतात.

इथे बहुतेक जण एसआयपीचा कॅल्क्युलेटर उघडतात आणि फसतात. तो ८.२५ टक्के दराने दरमहा चक्रवाढ धरतो आणि २० वर्षांनी १८ लाखांहून जास्त दाखवतो. पीएफचं व्याज मोजतात महिन्याच्या शिलकेवर, पण जमा होतं वर्षातून एकदाच. वर्षाचे ३६,००० आणि त्यावरचं पहिल्या वर्षाचं १,३६१ रुपये व्याज धरून एक्सेलमध्ये असं लिहा:

```
=FV(8.25%,20,-37361)
```

उत्तर येतं सुमारे १७.५८ लाख. अकाउंट्सवाल्यांनी चूक दाखवण्यापेक्षा आपणच हा आकडा दिलेला बरा. व्याजदर दरवर्षी बदलू शकतो, म्हणून ७.५ टक्क्यांचा आकडाही सोबत द्या.

आता पत्र:

> मा. एचआर व्यवस्थापक,
> विषय : पूर्ण मूळ पगारावर पीएफ भरण्याबाबत
> माझा मूळ पगार ४०,००० रुपये असून पीएफ १५,००० रुपयांवर भरला जातो. पुढील आर्थिक वर्षापासून तो पूर्ण मूळ पगारावर भरावा, ही विनंती. कंपनीचा वाटा दरमहा ३,००० रुपयांनी व प्रशासकीय शुल्क १२५ रुपयांनी वाढेल. पगार आहे तेवढाच धरला तरी २० वर्षांत या वाढीव वाट्याचे ८.२५ टक्क्यांनी सुमारे १७.५८ लाख, तर ७.५ टक्क्यांनी सुमारे १६.१ लाख होतात. माझाही वाटा तेवढाच वाढवण्यास माझी संमती आहे. ही रक्कम सध्याच्या सीटीसीव्यतिरिक्त मिळावी. संयुक्त अर्जावर सही करण्यास मी तयार आहे.
> आपला / आपली विश्वासू

सीटीसीचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर कंपनी आनंदाने 'हो' म्हणेल आणि ते ३,००० तुमच्याच पगारातून वळते करेल. मग तुमच्या वाट्याचे ३,००० धरून हातातला पगार महिन्याला ६,००० ने घटेल. तेही चालणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, मंजुरी लवकर मिळते.

मंजुरीनंतरच्या महिन्यात स्लिपवर विसंबू नका, ईपीएफओचं पासबुक उघडा. तुमचा वाटा ४,८०० झाला आणि कंपनीचा जुनाच राहिला, तर तो बदल फक्त व्हीपीएफ, म्हणजे तुमचा ऐच्छिक जादा वाटा, म्हणून नोंदला गेलाय.