पालुपद परतलं की नाही, हे कसं ओळखायचं

पाश्चात्य संगीत ऐकायला लागलो तेव्हा बाईंनी बेथोव्हनची ‘फ्यूर एलिझे’ लावली आणि म्हणाल्या, “हा राँडो आहे, म्हणजे मधे पाहुण्यासारखे नवे भाग येतात आणि पालुपद परत परत येतं. ते किती वेळा येतं, मोज.” मी कागदावर रेघा मारत गेलो. आठ झाल्या. बाईंचं उत्तर होतं तीन.

चूक कुठे झाली ते पुन्हा ऐकल्यावर कळलं. या रचनेची सुरुवात आपल्या स्वरांत म्हटली तर ‘प, तीव्र म, प, तीव्र म, प’ अशी झुलते. पुढे चारच मात्रागटांचा छोटा तुकडा येतो, मग एकटा पंचम सप्तकं ओलांडतो आणि झुला परत सुरू होतो. मी त्या तुकड्यालाच वेगळा भाग समजत होतो, शिवाय पुनरावृत्तीही मोजत होतो. पण तो तुकडा पालुपदाच्या पोटातला आहे. खरा पाहुणा आला की घरच बदलतं. पहिल्या पाहुण्यात षड्ज सरकतो, सूर उजळ होतो आणि बोटं धावू लागतात. दुसऱ्यात डाव्या हाताचा एकच खर्जातला स्वर धडधडत राहतो आणि शेवटी उजवा हात अर्ध्या अर्ध्या स्वरांनी वरून खाली घसरतो. ती घसरण संपते तिथेच पालुपद उभं असतं. मी आता हा परतीचा रस्ताच ऐकतो, त्यामुळे मोजायची गरज उरत नाही.

व्हेरिएशन्समध्ये, म्हणजे एकच चाल दर वेळी नव्या रूपात वाजते अशा रचनेत, मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिथे चाल कुठे जातच नाही. मोत्झार्टने ‘ट्विंकल ट्विंकल’च्या चालीवर (मूळ फ्रेंच गाणं) 12 व्हेरिएशन्स लिहिली आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करा. ‘सा सा प प ध ध प’ ही चाल आधी साधी वाजते. पहिल्या व्हेरिएशनमध्ये उजवा हात तिच्याभोवती बारीक स्वर विणतो, दुसऱ्यात ती धावपळ डाव्या हाताकडे जाते आणि चाल वर स्पष्ट ऐकू येते.

ख्याल ऐकणाऱ्या कानाला हे तानांसारखं वाटतं. मलाही वाटलं, आणि मी समेवर मुखडा यायची वाट बघत बसलो. तो येत नाही. इथे टिकतो तो सांगाडा: आठ मात्रागट, मग मधले आठ, मग पहिले आठ परत, आणि शेवटी षड्जावर विसावा. म्हणून मूळ चाल मनात गुणगुणत राहा. तुमची ओळ आणि पियानोचा विसावा एकाच वेळी संपला, तर धागा सुटलेला नाही.

आठव्या व्हेरिएशनमध्ये कोमल गंधार लागतो, तिथे मी हमखास हरवायचो. अकरावं फार संथ आहे आणि बारावं तीनच्या ठेक्यात जातं, त्यामुळे तिथे गुणगुणायची लय बदलावी लागते. काही वादक पुनरावृत्ती गाळतात. म्हणून तुमचा वादक काय करतोय ते पहिल्या दोन व्हेरिएशन्समध्येच पाहून ठेवा.