फेक प्रोफाइल दिसलं की लगेच 'रिपोर्ट मारा' म्हणू नका : या चुका टाळा

सांगलीत वकिली करतो, आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी फोन पुढं धरून म्हणतं, "साहेब, माझ्या नावानं कुणीतरी फेक अकाउंट काढलं होतं, आम्ही बंद पाडलं, आता केस करायचीय." बंद पाडलं हे सांगताना चेहऱ्यावर असा आनंद असतो की विचारू नका. आणि मी विचारतो, लिंक कुठाय? तिथंच सगळं थांबतं.

मागं तासगावकडचे एक रिटायर्ड गुरुजी आले होते. त्यांचाच फोटो, त्यांचंच नाव लावून फेसबुकवर दुसरं प्रोफाइल काढलेलं आणि त्यावरून जुन्या विद्यार्थ्यांना मेसेज, की माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, बदली झालीय, फर्निचर स्वस्तात देतोय. तुम्हाला हा मेसेज आला नसेल तर नवलच. गुरुजींच्या पुतण्यानं गावाच्या ग्रुपवर टाकलं "सगळ्यांनी रिपोर्ट मारा", पोरांनी दणादण रिपोर्ट मारले आणि संध्याकाळपर्यंत प्रोफाइल गायब. मग दुसऱ्या दिवशी पलूसच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन, "सर, सोफा कधी पोचणार?" त्यानं १८,५०० पाठवले होते.

आता पुरावा काय, तर ग्रुपवर फिरलेले सहा स्क्रीनशॉट. वरची पट्टी कापलेली, तारीख नाही, त्यावर कुणीतरी लाल रंगात FAKE लिहिलेलं. त्या फोटोत नाव गुरुजींचं, चेहरा गुरुजींचा, म्हणजे खरं अकाउंट कुठलं आणि खोटं कुठलं हे कुणी सांगायचं? पोलीस कंपनीला पत्र लिहिणार ते "गुरुजींच्या नावाचं अकाउंट" असं लिहून चालत नाही, त्यांना नेमका पत्ता लागतो. फेसबुकला दिसणारं नाव कधीही बदलता येतं, युजरनेमपण बदलता येतं, पण अकाउंटचा आकडी आयडी बदलत नाही. तो असा दिसतो:

```
facebook.com/profile.php?id=(लांब आकडा)
```

नशिबानं पुतण्यानं रिपोर्ट मारायला ते प्रोफाइल लॅपटॉपवर उघडलेलं, क्रोमच्या हिस्टरीत ही ओळ सापडली. नाहीतर केस तिथंच अडकली असती.

म्हणून माझी सवय सांगतो, पद्धत बिद्धत काही नाही. आधी प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून लिंक कॉपी करायची आणि स्वतःलाच ईमेल करायची. मग स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करायचं, आधी फोनचं घड्याळ-तारीख दाखवायची, मग ते प्रोफाइल, फोटो, पोस्ट, फ्रेंडलिस्ट दिसत असली तर ती, सगळं न थांबता सावकाश खाली सरकवत घ्यायचं. इन्स्टाग्राम असेल तर "About this account" उघडा, तिथं अकाउंट कधी काढलं हे दिसतं, कधीकधी आधीची युजरनेमपण दिसतात. फेक काढणाऱ्यानं तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर बहिणीच्या, मित्राच्या फोनवरून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण ही दहा मिनिटं धरवत नाहीत लोकांना. हे झालं की मग मारा रिपोर्ट, खुशाल मारा.

बरं, रिपोर्ट मारून अकाउंट गेलं म्हणजे कंपनीकडची माहितीपण लगेच गेली असं नाही. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे अकाउंट बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती कंपनीनं १८० दिवस ठेवायची असते. म्हणजे सहा महिने हातात आहेत, पण मागायला आयडी लागतो आणि मागायचं पोलिसांनी, तुम्ही नाही. पाच महिने "बघू, दिवाळी झाल्यावर जाऊ" म्हणणारेपण बघितलेत मी.

रिपोर्टचं बटण आणि कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडं केलेली तक्रार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचं सोंग घेतलेल्या अकाउंटबद्दल ज्याचं सोंग घेतलंय त्यानं किंवा त्याच्या वतीनं कुणी लेखी तक्रार केली की कंपनीला ठरलेल्या मुदतीत हालचाल करावी लागते, २०२१मध्ये नियम आले तेव्हा ही मुदत २४ तासांची होती. आणि दाद लागली नाही तर पुढं अपील करायला सरकारच्या अपील समितीचं gac.gov.in आहे. शंभर जणांच्या रिपोर्टपेक्षा ही एक तक्रार बरी, कारण तिचा नंबर तुमच्याकडं राहतो.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे तक्रारीत आयटी कायद्याचं कलम ६६ए. कोर्टाबाहेर टाइप करून देणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर जुना मसुदा पडलेला असतो, नाव बदलायचं आणि प्रिंट मारायची. अहो, ६६ए सुप्रीम कोर्टानं श्रेया सिंघल केसमध्ये २०१५लाच रद्द केलं! तुम्हाला पाहिजे ते ६६सी, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणं, आणि सोंग घेऊन फसवलं असेल तर ६६डी. दोन्हीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तसंच १ जुलै २०२४नंतरच्या प्रकाराला भादंवि ४१९ लिहू नका, आता भारतीय न्याय संहितेचं ३१९ आहे. खरं तर कलमं तुम्ही लिहूच नका, काय झालं, कधी झालं, कुठल्या लिंकवर झालं एवढं सरळ लिहा, कलमं पोलीस लावतील. नुसती बदनामी असेल तर मात्र पोलीस थेट गुन्हा घेत नाहीत, त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडं खाजगी फिर्याद लागते.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर. पैसे गेले नसतील तर cybercrime.gov.in वर तक्रार करा आणि पोचपावतीचा नंबर जपा. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवलं तर शांतपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावी लागते, तरी नाही घेतली तर एसपींना लेखी पाठवा. अकाउंट उडवून देतो म्हणणाऱ्या 'हॅकर'ला पैसे देऊ नका. आणि फेकवाल्याला मेसेज करून दम देऊ नका, तो फक्त सावध होतो.

आता स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का, हा प्रश्न येतोच. चालतो, पण ती कॉपी कुठल्या यंत्रातून कशी काढली याच्या सही केलेल्या सर्टिफिकेटसकट. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं २०२०ला स्पष्ट सांगितलं की कॉपी दाखल करायची तर सर्टिफिकेट पाहिजेच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५बी होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३ आहे, आणि त्याच्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यूपण लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक अक्षर हललं तरी बदलतो. विंडोजवर असा निघतो:

```
certutil -hashfile profile.mp4 SHA256
```

म्हणूनच व्हॉट्सअपवरून फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट मी घेत नाही, तो दाबून बारीक होतो, मूळ फाईल राहतच नाही. पेनड्राइव्हवर आणा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गुरुजींच्या केसमध्ये सगळ्यात मोलाचा निघाला तो त्या पलूसच्या पोराचा फोन. मूळ चॅट त्यात, पैसे पाठवल्याचा बारा आकडी यूटीआर त्यात. आयपी ॲड्रेसवरून माग काढला तर बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुणाच्या नावावरच्या सिमकार्डापाशी जाऊन थांबतो, पैसा मात्र कुठल्या ना कुठल्या खात्यात उतरलेला असतो, म्हणून तो धागा मी आधी धरतो. आणि हा गडी मला काय विचारतोय, "दादा, एक्स्चेंज ऑफर चालू हाय, फोन दिऊन टाकू का?" म्हणलं, नवीन घे की लेका, पण हा चार्जरसकट कपाटात ठेव, रिसेट करू नको, चॅट पुसू नको, पोलीस मागतील तेव्हा पंचनामा करून त्यांच्याकडंच दे.